सोसायटीचं पाण्याचं बिल एकदम २३,७८६ रुपये: गळती, मीटर की हिशेब?

प्रश्न: मुंबईत आमची २४ सदनिकांची सोसायटी आहे. पावसाळ्यातली तीन पाणी बिलं प्रत्येकी ३,७८४ रुपयांची आली. आता चौथं आलंय २३,७८६ रुपयांचं! बिलावर मागचं रीडिंग ४२,३६० आणि आताचं ४३,४५० आहे, वापर १,०९० युनिट, कालावधी ३० दिवस. आधीच्या तिन्ही बिलांत वापर ३५० युनिट होता. गेल्या वर्षी याच सुमारास महिन्याला ५२० युनिटच्या आसपास असायचा. दर हजार लिटरला ६.३६ रुपये आहे. मग वापर तिप्पट झाला तर बिल सहापटीहून जास्त कसं? मलनिस्सारण आकारही प्रचंड लागलाय. सभासद म्हणतात कुठेतरी गळती आहे, प्लंबर म्हणतो मीटर बदला. काय करावं?

उत्तर: प्लंबरला अजून काही खोदू देऊ नका आणि मीटर बदलण्याचा अर्जही करू नका. तुम्ही दिलेल्या आकड्यांतच बरंचसं उत्तर आहे. आधीची तीन बिलं नीट पाहा. तिन्हींत वापर बरोबर ३५० युनिट. चोवीस कुटुंबं राहतात त्या इमारतीत सलग तीन महिने एका युनिटचाही फरक न पडता पाणी वापरलं जात नाही. शाळेच्या सुट्ट्या असतात, कुणी गावाला जातं, कुणाकडे पाहुणे येतात. तोच आकडा पुन्हा पुन्हा येतो तेव्हा मीटर कुणी वाचलेलाच नसतो आणि बिल सरासरीवर काढलेलं असतं.

पावसाळ्यात हे नेहमी घडतं. मीटर रस्त्याकडेला किंवा कुंपणाच्या आत जमिनीखालच्या चेंबरमध्ये असतो. चेंबर पाण्याने भरतं, झाकणावर चिखल साचतो, काचेच्या आत वाफ धरते. आपोआप रीडिंग पाठवणारा मीटर असेल तर त्याचा यंत्रभाग भिजून बंद पडतो. रीडिंग मिळालं नाही तरी बिल निघायला हवंच, म्हणून एक अंदाजी वापर धरला जातो. तुमच्या बाबतीत तो ३५० धरला गेला आणि मागचं रीडिंग प्रत्येक वेळी तेवढंच पुढे सरकवलं गेलं. जुनी बिलं काढून बघा. मला खात्री आहे की रीडिंग ४१,३१० वरून ४१,६६०, मग ४२,०१० आणि मग ४२,३६० असं चढलेलं दिसेल. यातलं ४१,३१० हे शेवटचं खरं वाचलेलं रीडिंग. पुढचे तीन आकडे कागदावरचे आहेत, मीटरच्या तबकडीवर त्या त्या दिवशी ते नव्हते. बिलावर रीडिंगच्या शेजारी मीटरची स्थिती सांगणारा शेरा किंवा संकेत असतो, तोही चारही बिलांत ताडून पाहा.

चौथ्या महिन्यात चेंबर कोरडं झालं आणि कुणीतरी खरं रीडिंग घेतलं: ४३,४५०. मीटरने मधल्या काळात प्रामाणिकपणे सगळं मोजून ठेवलं होतं. त्यामुळे तीन महिन्यांत जे पाणी कमी धरलं गेलं, ते सगळं या एका बिलात येऊन बसलं. ४३,४५० मधून ४१,३१० वजा करा. २,१४० युनिट येतात आणि हा १२० दिवसांचा वापर आहे. म्हणजे दिवसाला १७.८ युनिट. गेल्या वर्षीचे ५२० युनिट तीस दिवसांना भागले तर १७.३ येतात. फरक अर्ध्या युनिटचा, म्हणजे साऱ्या इमारतीत मिळून दिवसाला पाचशे लिटर. ही गळतीची खूण नाही.

पाण्याचं बिल हातात आलं की रुपयांकडे नंतर पाहावं. आधी युनिटांना दिवसांनी भागावं, आणि ते दिवस दोन खऱ्या रीडिंगांमधले आहेत ना हे तपासावं. एक युनिट म्हणजे एक हजार लिटर, म्हणजेच एक घनमीटर.

मग बिल सहापट का झालं

मुंबई महापालिकेत घरगुती पाण्याचा दर सपाट नाही. माणशी दिवसाला किती लिटर वापर झाला त्यावर तो चढत जातो. एका सदनिकेत पाच माणसं धरतात. माणशी १५० लिटरपर्यंत मूळ दर, १५० ते २०० लिटरच्या टप्प्याला दुप्पट, २०० ते २५० ला तिप्पट आणि २५० च्या वर चौपट. जून २०२२ मध्ये मूळ दर ५.९४ वरून ६.३६ रुपये झाला, म्हणून पुढचे टप्पे १२.७२, १९.०८ आणि २५.४४ रुपये होतात. चढा दर सगळ्या वापराला लागत नाही, फक्त त्या त्या टप्प्यात पडलेल्या युनिटांना लागतो. लोक इथे हमखास गोंधळतात. २५० लिटर ओलांडले म्हणजे सगळं पाणी चौपट दराने, असं नसतं.

आता हे तुमच्या इमारतीला लावू. २४ सदनिका, प्रत्येकी पाच माणसं, प्रत्येकाला १५० लिटर. दिवसाला १८,००० लिटर, म्हणजे १८ युनिट. तीस दिवसांत ५४० युनिट मूळ दराने. त्यापुढचे १८० युनिट दुप्पट दराने, पुढचे १८० तिप्पट दराने, आणि ९०० च्या वरचे सगळे चौपट दराने.

तुमचे १,०९० युनिट एकाच महिन्याचे धरले, तर ते असे विभागतात. पहिले ५४० युनिट मूळ दराने, ३,४३४ रुपये. पुढचे १८० युनिट १२.७२ ने, २,२९० रुपये. त्यापुढचे १८० युनिट १९.०८ ने, ३,४३४ रुपये. उरलेले १९० युनिट २५.४४ ने, ४,८३४ रुपये. जल आकार झाला १३,९९२ रुपये. शेवटचा आकडा बघा: १९० युनिटांना जेवढे पैसे लागले, तेवढे पहिल्या ५४० युनिटांनाही लागले नाहीत.

यावर मलनिस्सारण आकार. मैलापाण्याला मीटर नसतो. हा आकार जल आकाराच्या ७० टक्के म्हणून लावला जातो. १३,९९२ चे ७० टक्के म्हणजे ९,७९४ रुपये. दोन्ही मिळून २३,७८६ रुपये. तुमचं बिल रुपयापर्यंत जुळतं, त्यामुळे ते कसं काढलं गेलं याबद्दल शंका राहत नाही. मलनिस्सारण आकार वेगळा वाढवला गेला असं सभासदांना वाटतंय, पण तसं झालेलं नाही. तो जल आकाराला बांधलेला असल्यामुळे त्याच्याबरोबर वाढला. जल आकार दुरुस्त झाला की तोही खाली येईल, त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही. याच कारणाने जमिनीत झिरपून गेलेल्या पाण्यावरही मलनिस्सारण आकार पडतो, जरी त्यातला थेंबही गटारात गेलेला नसला तरी.

आता खरी अडचण. पावसाळ्यातल्या तीन महिन्यांत दर महिन्याला ५४० युनिट मूळ दराने घेण्याची तुमची मुभा होती. धरले गेले ३५०. म्हणजे दर महिन्याला १९० युनिटांची जागा रिकामी राहिली, तीन महिन्यांत ५७०. चौथ्या महिन्यात ५४० च्या वर गेलेले युनिट आहेत ५५०. हे ५५० युनिट त्या आधीच्या रिकाम्या जागेत सहज मावले असते, कारण पाणी तेव्हाच वापरलं गेलं होतं. पण बिलाने ते एका महिन्यात कोंबले आणि त्यांना दुप्पट, तिप्पट, चौपट दर लागला.

योग्य हिशेब असा. १२० दिवसांत मूळ दराची मर्यादा २,१६० युनिट, प्रत्यक्ष वापर २,१४०. सगळा वापर मूळ दरातच बसतो. या चौथ्या बिलात यायला हवेत १,०९० गुणिले ६.३६, म्हणजे ६,९३२ रुपये जल आकार आणि ४,८५३ रुपये मलनिस्सारण आकार. एकूण ११,७८५ रुपये. जे आलंय ते २३,७८६. फरक बारा हजारांचा, आणि हा फरक मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

सभासदांना हेही स्पष्ट सांगा की बिल पुन्हा ३,७८४ वर येणार नाही. ती तीन बिलं कमी होती. तुमच्या वापराचं साधारण बिल ५,६०० ते ५,८०० च्या दरम्यान असायला हवं. राहिलेलं पाणी आपण वापरलंय आणि त्याचे मूळ दराने पैसे द्यायचे आहेत. अर्जात ही गोष्ट आपणहून मान्य केलीत तर समोरचा अधिकारी तुमचं बाकीचं म्हणणं ऐकायला तयार होतो. ‘बिल चुकीचं आहे, रद्द करा’ एवढंच लिहिलेले अर्ज टेबलावर पडून राहतात.

अर्ज करण्याआधी मीटरशी एकदा पडताळा

वरचा सगळा हिशेब ४३,४५० हे रीडिंग खरं आहे या गृहीतावर उभा आहे. ते तपासायला दहा मिनिटं लागतात. चेंबर उघडा, काच पुसा, आणि मीटरचा क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी जुळतो का बघा. शेजारशेजारच्या दोन इमारतींची चेंबरं एकत्र असतील तर क्रमांकांची अदलाबदल झालेली मी पाहिली आहे. मग आकडे वाचा. यांत्रिक मीटरवर काळे आकडे घनमीटरचे, म्हणजे बिलातल्या युनिटांचे. लाल आकडे किंवा लाल काटे त्याच्या खालच्या लिटरांचे, ते बिलात धरत नाहीत. फोटो काढा, तारीख आणि वेळ दिसेल असा.

समजा रीडिंग घेतल्यापासून बारा दिवस झालेत. दिवसाला १८ युनिट धरले तर मीटर आज ४३,६६६ च्या आसपास असायला हवा. तो ४३,४५० पेक्षा कमी दिसला तर रीडिंग चुकीचं लिहिलं गेलंय, आणि तुमचं काम फोटो जोडून एका दिवसात होण्यासारखं आहे. तो ४३,९०० दाखवत असेल, तर माझा वरचा अंदाज अपुरा आहे आणि आत्ता खरोखर जास्त पाणी जातंय.

एका फोटोवर थांबू नका. दोन आठवडे रोज एकाच वेळी, पाणी येऊन गेल्यानंतर, वॉचमनकडून रीडिंग वहीत लिहून घ्या. मुंबईत पाणी दिवसातून काही तासच येतं, त्यामुळे एक पुरवठा संपल्यापासून दुसरा संपेपर्यंतचा फरक हा दिवसाचा हिशेब. रोज १७ ते १९ च्या दरम्यान आकडा आला तर गळतीचा विषय संपला. ही चौदा ओळींची वही अर्जाला जोडलीत की तिच्यापुढे तोंडी युक्तिवादाची गरज उरत नाही.

आकडा जास्त आला तर

दिवसाला २५ किंवा ३० युनिट जात असतील तर शोध सुरू करायचा, पण क्रमाने. सोसायटीचा मीटर पालिकेच्या जलवाहिनी आणि तुमच्या जमिनीखालच्या टाकीच्या मधे असतो. मीटरच्या आधीची गळती तुमच्या बिलात येत नाही. मीटरनंतरची सगळी येते, आणि तिचे तीन टप्पे आहेत.

पहिला टप्पा मीटरपासून खालच्या टाकीपर्यंतचा पाइप. पाणी येत असताना टाकीच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा आणि मीटरकडे जा. तबकडीवर एक छोटी चांदणी किंवा त्रिकोणी चकती असते, अगदी बारीक धारेलाही ती फिरते. टाकीत पाणी पडत नसताना ती फिरत राहिली, तर मधला पाइप फुटलाय. ही चाचणी पुरवठ्याच्या वेळेतच करायची. पाणी नसताना पाइपात दाब नसतो, चकती स्थिर राहते आणि आपण उगाच निश्चिंत होतो.

दुसरा टप्पा खालची टाकी, आणि सगळ्यात जास्त पाणी इथेच जातं. टाकी भरली की पाणी थांबवणारा बॉलकॉक निकामी झाला तर पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून थेट गटारात जातं. पुरवठा पहाटे असेल तर ते कुणाला दिसत नाही, आवाजही येत नाही. टाकी भरत आली असताना एकदा झाकण उघडून बघणं एवढीच याची तपासणी. बॉलकॉक ठीक असेल तर टाकीची भेग तपासा. पंप बंद, पुरवठा बंद, अशा रात्रीच्या वेळी पाण्याची पातळी पट्टीने मोजा आणि चार तासांनी पुन्हा मोजा. टाकी चार मीटर लांब, तीन मीटर रुंद असेल तर एक सेंटिमीटर पातळी म्हणजे १२० लिटर. चार तासांत तीन सेंटिमीटर उतरली तर दिवसाला दोन युनिटांहून जास्त पाणी जमिनीत चाललंय. अशी टाकी बिलापेक्षा तब्येतीसाठी जास्त धोक्याची आहे, कारण ज्या भेगेतून पाणी बाहेर जातं तिच्यातूनच, बाहेर पाणी साचलेलं असताना, घाण आत येते. तिची दुरुस्ती बिलाच्या निकालासाठी थांबवू नका.

तिसरा टप्पा गच्चीवरची टाकी आणि घरं. गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाहा. पंप आपोआप बंद करणारा सेन्सर बिघडला असेल तर पाणी खालून वर आणि वरून गटारात असं फिरत राहतं, आणि विजेचं बिलही त्याच महिन्यांत वाढलेलं दिसतं. सामाईक मीटरचं वीज बिल म्हणून एक चांगला साक्षीदार आहे. घरांमध्ये बहुतेकदा फ्लशच्या टाकीतून बारीक धार चालू असते. टाकीत थोडा रंग टाकून अर्धा तास फ्लश न करता ठेवायचं. भांड्यात रंग उतरला तर व्हॉल्व्ह गळतोय. मिनिटाला पाऊण लिटरापेक्षा थोडी कमी अशी धार दिवसभरात एक युनिट घेऊन जाते. पण एका घरातल्या गळतीने सोसायटीचं बिल चौपट होत नाही. उडी मोठी असेल तर टाकीपाशीच शोधा, सभासदांच्या बाथरूममध्ये नंतर जा.

अशा खऱ्या गळतीच्या बाबतीत पालिकेकडून सवलतीची आशा धरू नये. मीटरच्या पुढचं पाणी ग्राहकाचं, मग ते प्यालेलं असो की वाहून गेलेलं.

मीटर जोरात पळतोय का

तुमचा प्लंबर मीटर बदलायला सांगतोय. यांत्रिक मीटर जुना झाला की तो बहुधा हळू होतो. आतले भाग झिजतात, बारीक धार मोजली जात नाही, आणि ग्राहकाला पाणी कमी दिसतं. जुना मीटर काढून नवा बसवल्यावर बिल वाढलं अशी तक्रार नेहमी येते, आणि बहुतेक वेळा नवा मीटर बरोबर असतो. तेव्हा मीटर बदलून बिल कमी होईल असं धरून चालू नका.

तरीही शंका असेल तर टाकीनेच मीटर तपासा. पंप बंद ठेवा, पुरवठा सुरू होण्याआधी टाकीतली पातळी आणि मीटर दोन्ही टिपा. पाणी पन्नास सेंटिमीटर चढलं की पुन्हा टिपा. चार बाय तीन मीटरच्या टाकीत हे सहा युनिट झाले. मीटरने ६.१ दाखवले तर तक्रारीला जागा नाही, कारण चांगल्या मीटरलाही नेहमीच्या प्रवाहात दोन टक्क्यांची चूकभूल मान्य असते आणि पट्टीने मोजण्यातही थोडं इकडेतिकडे होतं. त्याने ७.५ दाखवले तर मात्र मीटर तपासणीचा अर्ज जरूर करा.

पुरवठा सुरू होताना पाइपातली हवा मीटर फिरवते, हेही खरं आहे. वरच्या चाचणीत ती हवासुद्धा मोजली जाते, त्यामुळे तिचा वाटा किती ते तुम्हाला कळेल. हवेमुळे तीनचारशे युनिट वाढले असं कुणी म्हणालं तर त्याला ही चाचणी करून दाखवायला सांगा.

अर्ज कसा लिहायचा

तुमच्या विभाग कार्यालयात जलकामे खात्याचे सहायक अभियंता बसतात, अर्ज त्यांच्या नावे. वर जलजोडणी क्रमांक, म्हणजे बिलावरचा सीसीएन, आणि मीटर क्रमांक. मजकूर अर्ध्या पानाचा पुरे. ‘अमुक तीन देयकं सरासरीवर काढली गेली, प्रत्येकी ३५० युनिट. शेवटचं प्रत्यक्ष रीडिंग ४१,३१०, त्यानंतरचं प्रत्यक्ष रीडिंग ४३,४५०. मधला कालावधी १२० दिवस, वापर २,१४० युनिट, दिवसाला १७.८३. नोंदीतील २४ सदनिकांप्रमाणे हा वापर माणशी १५० लिटरच्या आत आहे. चारही देयकांचा वापर प्रत्यक्ष कालावधीवर विभागून चौथं देयक दुरुस्त करावं. थकीत वापराची मूळ दराने आकारणी आम्हाला मान्य आहे.’ सोबत चारही बिलं, गेल्या वर्षीचं याच काळातलं एक बिल, मीटरचे फोटो आणि रोजच्या रीडिंगची वही. दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या.

अर्जात ‘नोंदीतील २४ सदनिका’ लिहायला सांगितलं त्याला कारण आहे. सगळी मर्यादा सदनिकांच्या संख्येवर ठरते. तुमचं बिल २४ वर काढलेलं आहे हे आकडे जुळल्यावरून कळलं. पण पुनर्विकास झालेल्या इमारतींत कधी कधी जुन्याच सदनिकांची संख्या नोंदीत राहते. १६ सदनिकांची नोंद आणि प्रत्यक्षात २४ घरं असतील तर मर्यादा दिवसाला १२ युनिटांवर येते आणि रोजचे सहा युनिट विनाकारण चढ्या दरात जातात. हा तोटा दर महिन्याला थोडा थोडा होतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. हे वाचणाऱ्या इतर सोसायट्यांनी आपल्या बिलाचा असा उलटा हिशेब एकदा करून पाहावा. तळमजल्यावर दवाखाना किंवा दुकान असेल तर त्याचं पाणी कोणत्या वर्गात धरलंय तेही बघा. २०२२ च्या दरपत्रकात व्यावसायिक दर हजार लिटरला ४७.७५ रुपये होता, घरगुतीच्या साडेसातपट.

मुदतीचं भान ठेवा. बिल निघाल्यापासून महिन्याच्या आत भरलं नाही तर थकलेल्या रकमेवर दरमहा दोन टक्के अतिरिक्त आकार लागतो. २३,७८६ वर तो महिन्याला ४७६ रुपये होतो. म्हणून अर्ज मुदत संपायच्या किमान दहा दिवस आधी द्या आणि दुरुस्त बिल मुदतीत मिळावं असं त्यात लिहा. निकाल वेळेत आला नाही तर हरकत नोंदवून पूर्ण रक्कम भरावी आणि जादा बारा हजार पुढच्या बिलांत वळते करून घ्यावेत, हा माझा सल्ला. भांडत राहून भरणा थांबवला तर पुढच्या बिलात थकबाकी, अतिरिक्त आकार आणि चालू वापर अशी सरमिसळ होते, आणि मग मूळ चूक कुठे होती हे दाखवणं दुप्पट अवघड जातं.

दुरुस्ती झाली की ती सभासदांच्या खात्यातही उतरवा. आदर्श उपविधींप्रमाणे पाण्याचा खर्च सदनिकेतल्या नळांची संख्या आणि आकार यावर वाटला जातो, चौरस फुटांवर नाही. ज्या प्रमाणात २३,७८६ वाटले असतील त्याच प्रमाणात बारा हजार परत जमा व्हायला हवेत. या चार महिन्यांत एखादी सदनिका विकली गेली असेल तर आधीच्या मालकाच्या वाट्याचं पाणी नव्या मालकाच्या अंगावर पडलंय. तो हिशेब दिवसांप्रमाणे त्यांच्यात मिटवून द्या.

पुढचं बिल आलं की त्यावर मागचं रीडिंग ४३,४५० हेच आहे ना आणि शेजारचा सरासरीचा शेरा गेला आहे ना, एवढं तपासा. आणि दर वर्षी मे महिन्यात चेंबर साफ करून झाकणाची कड सिमेंटने वर उचलून घ्या. पावसाळ्यात सरासरीचं बिल आलंच तर पहिल्याच महिन्यात मीटरचा फोटो जोडून प्रत्यक्ष रीडिंग विभाग कार्यालयात लेखी कळवा. एका महिन्याचा फरक असेल तर तो बहुधा मूळ दराच्या मर्यादेत किंवा फार तर पुढच्या टप्प्यात बसतो, चौपट दरापर्यंत जात नाही.